तलावावरची रेघ

मरळ सहजासहजी मरत नाही. पाण्याबाहेर काढली तरी टोपलीत घटका-घटका तडफडते. तिला मारायचं तर डोकं दगडावर धरावं लागतं आणि वरून सोट्याचा एकच घाव घालावा लागतो. डोकं धरायचं काम रंजीताचं असे. ती तेव्हा चौथीत होती. बाप शालिकराम सोटा उचलायचा आणि म्हणायचा, "डोये मिटू नोको. मिटले का हात हालते, अन् हात हालला का बोट जाते." रंजीता डोळे उघडे ठेवून घाव बघायला शिकली. हे शिक्षण पुढं तिच्या फार कामी आलं असं नाही, पण ते तिच्यातून गेलंही नाही.

आरमोरीजवळच्या कोसंबटोल्याची ही पोरगी. तलाव मच्छीमार संस्थेचा, आणि शालिकरामचं घर संस्थेच्या जुन्या घरांपैकी. वारा फिरला की तिच्या कपड्यांना मासोळीचा वास येई आणि वर्गातल्या पोरी बाक सोडून उठत. एकीचं नाक तिनं पाटीनं फोडलं होतं. बापानं त्यासाठी तिला मारलं, आणि मारून झाल्यावर शेजाऱ्यांपुढं हसत म्हणाला, "मरळच हाये हे. डोक्यावर हानल्याबिगर आयकत नाई."

बारावीनंतर ती वडस्याला सुरेंद्रभाऊच्या फ्लेक्सच्या दुकानात लागली. हिवाळ्यात तिथं झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक बनत. कलाकार आपापल्या फोनवरून फोटो पाठवत. नायिका एका फोनची, खलनायक दुसऱ्या फोनचा, मागची हवेली भलतीकडचीच. ते सगळं कापून, एकावर एक चढवून, त्यावर रक्ताचे शिंतोडे आणि पेटलेल्या अक्षरांतलं नाव टाकायचं. शिंतोड्यांत रंजीताचा हात कोणी धरत नसे. सुरेंद्रभाऊ म्हणे, "या पोरीचं रक्त पाहून तिकीट खपते."

फोटो उघडताना संगणक कधी कधी अडून बसायचा. पडद्यावर एक चौकोन यायचा. या फोटोत रंगाचं एक प्रोफाइल आहे, ते इथल्या प्रोफाइलशी जुळत नाही, काय करू? आहे तसं ठेवू, इथल्यात बदलून घेऊ, की काढून टाकू? रंजीतानं पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं. सुरेंद्रभाऊ मशीनवरून ओरडला होता, "काढून टाक! ते ठेवलं का माही मशीन भलताच रंग फेकते. गिऱ्हाईक उभं हाये अन् तू चौकोन वाचून राह्यली!"

तेव्हापासून ती काढून टाकत आली. चौकोन आला की बोट आपोआप तिसऱ्या ओळीवर जाई. महागड्या फोनमधून आलेले चेहरे राखट दिसत, म्हणून ती वरून लाली चढवी. नाटकाच्या फलकावर सगळ्यांनाच लाली असते, त्यामुळं कोणाला काही वावगं वाटलं नाही. पुढं सुरेंद्रभाऊनं आरमोरीलाही दुकान टाकलं आणि ते तिच्या हाती दिलं. लग्न झालं, मोडलं. नवऱ्यानं एकदा हात उचलला होता, तिनं गरम तवा उचलला. एवढीच त्याची हकीकत. ती दुकानामागच्या खोलीत राहू लागली.

मे महिन्यात एका रात्री आभाळ भरून आलं आणि तसंच राहिलं. पाऊस नाही, वारा नाही. पहाटे कोसंबटोल्याच्या तलावावर मासोळी पोट वर करून तरंगत होती. रोहू, कतला, वर्षभर वाढवलेलं सगळं बीज. बायांनी काठावर छाती पिटली. उन्हं चढली तसा वास घराघरात शिरला. माणसं नाकाला दुपट्टा बांधून मासोळी ओढत होती आणि खड्ड्यात टाकत होती, आणि ओढता ओढता एकमेकांना विचारत होती, कोणं केलं?

संस्थेच्या अध्यक्षाचा पोरगा निकेश म्हणाला, "जहर हाये. मोर्चा काढू तहसीलवर." त्यानं आपल्या आयफोनमधून तलावाचा डावा अर्धा भाग टिपला. उजवा अर्धा टिपला म्हाताऱ्या मुखरूनं, आपल्या जुन्या, काच तडकलेल्या फोनमधून. दोघं दुपारी दुकानात आले, वायर लावून फोटो दिले. निकेश म्हणाला, "रंजीताबाई, पूर्ण तलाव एका फोटोत पाह्यजे. मेली मासोळी पूर्ण दिसली पाह्यजे. रडू आलं पाह्यजे पाहणाऱ्याले."

तलाव तिच्या बापाचा होता. ती घाईनं कामाला लागली. निकेशचा फोटो उघडला, चौकोन आला, बोट तिसऱ्या ओळीवर गेलं. मुखरूचा उघडला, चौकोन आलाच नाही. दोन फोटोंचा सांधा कुठं लपवायचा? डाव्या काठाला इसरूचं शेत होतं; त्याच्या बांधावर बाभळीचं एक वाळकं खोड पाण्यात उतरलेलं होतं. तिनं सांधा बरोबर त्या खोडामागं घातला. डाव्या बाजूचं पाणी थोडं फिकं वाटलं, पण मेलेल्या तलावावर लाली काय चढवायची, म्हणून तिनं तसंच राहू दिलं. फ्लेक्स छापून निघाला. निकेशनं गुंडाळी खांद्यावर टाकली.

गावाची एक रीत होती. बाहेर न्यायचा कोणताही फलक आधी तलावाच्या पाळीवर, मारुतीपुढं बांधायचा. गावानं पाहिला, हो म्हटलं, की मगच तो गाडीवर चढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी फलक बांधला गेला आणि गाव पाहायला जमलं.

पुढचं रंजीतानं आपल्या फोनवर पाहिलं. कोणीतरी गावाच्या व्हॉट्सॲप गटात व्हिडिओ टाकला होता. दुकानाचं शटर अर्धं उघडं, चहाचा कप हातात.

पडद्यावर पाळ होती. इसरू होता. डाव्या काठाला त्याचं उन्हाळी धान होतं आणि त्याच आठवड्यात त्यानं धानावर फवारा मारला होता. तो हात जोडून काही सांगत होता. सांगता सांगता त्याच्या कानशिलावर पहिली काठी बसली. तो वाकला, दुसरी पाठीवर. मग काठ्या मोजण्यासारख्या राहिल्या नाहीत. कोणाचा तरी आवाज येत होता, "पाह्य! पाह्य तुह्या बांधापासून पाणी कसं बदललं! फोटो खोटा बोलते काय बे?" इसरू पडला. पडलेल्याच्या तोंडावर एक पाय आला. मग गर्दी जराशी फाकली आणि जाळं ताणायची बांबूची डांग घेऊन एक माणूस पुढं आला. त्याची चाल रंजीतानं अंधारातही ओळखली असती. शालिकरामनं डांग उचलली, मरळीवर उचलायचा तशी. डोळे उघडे होते. घाव इसरूच्या डोळ्यावर बसला.

रंजीतानं डोळे मिटले नाहीत. म्हणूनच तिला मागचा फलक दिसला.

ती दुकानात रोज फलक जवळून बघे. एवढ्या लांबून, सकाळच्या उन्हात, माणसांच्या डोक्यांवर टांगलेला, तो तिनं आत्ताच पाहिला. वाळक्या खोडाच्या डावीकडचं सगळं पाणी राखेसारखं होतं. उजवीकडचं हिरवंगार. मधे सरळ उभी रेघ. पाण्यात अशी रेघ कधी पडत नाही. ती रेघ तिनं ओढली होती.

कप तिनं खाली ठेवला. तिनं संगणकावर निकेशचा फोटो पुन्हा उघडला. चौकोन आला. त्या पहिल्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच तिनं तो शेवटपर्यंत वाचला. मग तिसरी ओळ सोडून पहिली निवडली, आहे तसं ठेव. फोटो उघडला. पाणी हिरवं होतं. खोडाच्या अलीकडं-पलीकडं एकच पाणी.

तिनं सुरेंद्रभाऊला फोन लावला. तो म्हणाला, "हो ना, महागाच्या फोनची रंगाची पट्टी लांब असते. त्याचा आकडा आपल्या आखूड पट्टीवर वाचला का रंग मरते. प्रोफाइल म्हणजे कोणती पट्टी होती ते सांगणारी चिठ्ठी. चिठ्ठी फेकली का मशीनले समजत नाई. आधी ठेवायची, मग आपल्या पट्टीत बदलून घ्यायची. काऊन, काय झालं?"

"तुमीच सांगितलं होतं, फेक म्हणून."

"ते नाटकाच्या पोस्टरले सांगितलं वो, माय."

गटात नवा संदेश आला होता. इसरूला गाडीत टाकून गडचिरोलीला नेलं. त्याच्या खाली निकेशचा संदेश: दिवस बुडायच्या आत इसरूचं घर गावात राहिलं नाही पाहिजे. घरात सुगंधाबाई होती, इसरूची बायको. नवऱ्याबरोबर तिला गाडीत चढू दिलं नव्हतं. तिनं आतून कडी लावली होती.

रंजीतानं लॅपटॉप घेतला, वायर घेतल्या, स्कूटी काढली.

कोसंबटोल्यात दुपार पेटली होती. संस्थेच्या टिनाच्या शेडमध्ये माणसं बसली होती, काठ्या मांडीवर. रक्त काही काठ्यांवर वाळलं होतं. एका कोपऱ्यात रॉकेलचा डबा. शालिकराम खांबाला टेकून होता. पोरीला पाहून त्यानं मान वळवली.

"ते रेघ माही हाये," रंजीता म्हणाली. "पाण्याची नाई. माह्या चुकीची हाये. इसरूकाकानं काईच नाई केलं."

मग निकेश हसला. "बाई, काल बनवला तुमीच. आज म्हणता खोटा हाये. उद्या म्हणाल मासोळीच मेली नाई."

तिनं लॅपटॉप उघडला, सुधारलेला फोटो दाखवला. माणसं वाकून पाहू लागली. खरंच रेघ नव्हती.

"रंग भरला हिनं," मागून कोणी म्हणालं. "नाटकवाल्याईच्या तोंडाले भरते तसा."

"किती देल्ले वो सुगंधाबाईनं?"

हसणं उठलं. रंजीता लॅपटॉपपाशी उभी होती. ती बरोबर होती आणि तिच्या बरोबर असण्याला इथं किंमत नव्हती. जी रंग बदलू शकते तिनं रंग बदलला नाही असं कोण मानणार? तिची सगळी कारागिरीच तिच्या विरुद्ध साक्ष देत होती. दुरुस्त करून काही सिद्ध होणार नव्हतं. मग तिनं ठरवलं, दुरुस्त करायचंच नाही.

"निकेश," ती म्हणाली, "तुहा फोन दे. मुखरूकाका, तुमचाबी. पण आता उलटं करू. निकेशनं उजवी बाजू काढाची, मारुतीकडची. मुखरूकाकानं इसरूची बाजू. मी रंगाले हातबी लावत नाई. काल जे बटण दाबलं तेच आज दाबीन. तुमीच पाहा."

"काऊन?"

"भेव वाटते काय?"

एवढ्या माणसांपुढं निकेशला नाही म्हणता येईना. तो पाळीवर गेला, उजवा काठ टिपला. त्या काठाला त्याच्याच बापाचं शेत. मुखरू डावीकडचा काढून आला. शेडमध्ये उजेड पडद्यावर पडत होता, म्हणून दोघातिघांनी दुपट्टे ताणून धरले. त्या सावलीत डोक्याला डोकं लागलं. घामाचा, दारूचा, कुजक्या मासोळीचा वास एकत्र झाला.

रंजीतानं निकेशचा फोटो उघडला. चौकोन आला. "हे पाहा. तिसरी ओळ. काढून टाक." तिनं दाबलं. मुखरूचा उघडला. दोन्ही शेजारी ठेवले.

रेघ होती. पण राख आता उजवीकडं होती. मारुतीच्या पायऱ्यांपासून अध्यक्षाच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत सगळं पाणी मेलेलं, आणि इसरूच्या बांधाखालचं हिरवंगार.

मुखरूनं वाकून दोन्ही बाजू पुन्हा पाहिल्या.

मुखरू म्हणाला, "म्हंजे... जहर इकडं सरकलं?"

"जहर नाई सरकलं, मुखरूकाका. फोन सरकला."

कोणी एक जण हसला, आणि ते हसणं त्याच्या घशातच फुटून भलतंच काहीतरी झालं. दुपट्टा धरणाऱ्याचा हात खाली आला. मागच्या एकानं काठी हळूच भिंतीला लावली, जणू ती त्याची नव्हतीच. पण दुसरा एक तरुण निकेशच्या धुऱ्याकडं बघत म्हणाला, "यायच्याबी शेतात फवारा होते ना, बे?" आणि दोनतीन माना निकेशकडं वळल्या. काठ्यांना अजून भूक होती. कोणाची, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

निकेशनं ते पाहिलं. त्याला भीती वाटली, आणि भ्यालेला माणूस सगळ्यात आधी हाताशी असलेलं मोडतो. त्यानं लॅपटॉप उचलून फरशीवर आपटला. पडदा तडकला. रंजीता पुढं झाली तर त्यानं तिचे केस धरून तिचं कपाळ खांबावर आदळलं. "गावाले उल्लू बनवते साली! चला बे! घर जाळा म्हटलं ना!"

रॉकेलचा डबा उचलला गेला. सगळे नाही उठले, पण उठले तेवढे पुरे होते.

कपाळातून उतरणाऱ्या रक्तातून रंजीताला दिसलं की खांबाजवळची जागा रिकामी आहे. शालिकराम त्यांच्याआधी निघाला होता. म्हातारा पळत नव्हता, पण झपझप चालत होता, डांग हातात. डांगेच्या टोकाला इसरूच्या रक्ताची काळी साय होती. तो सुगंधाबाईच्या उंबरठ्यावर जाऊन बसला, दाराला पाठ लावून, डांग आडवी मांडीवर.

"शालिकरामभाऊ, हटा."

"नाई."

"सकाडी तर तुमीच फोडला त्याचा डोया!"

"म्हणूनच. आता इथून ज्याले जायाचं हाये त्यानं माह्यावरून जाय."

निकेशनं आधी शिवी दिली, मग लाथ घातली. शालिकरामनं डांग उचलली नाही. पहिली काठी त्याच्या खांद्यावर बसली, तेव्हा गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज रंजीतानं लांबून ऐकला. दुसरी हातावर. तो उंबरठ्यावरून कलंडला आणि पुन्हा सरळ बसला. कोणी रॉकेल फेकलं, ते गोठ्याच्या कुडावर पडलं, कूड पेटला. आतल्या बैलानं दावं तोडलं आणि तो गर्दीत शिरला. माणसं फाकली. तोवर शेडमधून मुखरू आणि चारदोन जण धावत आले होते. मुखरू निकेशच्या पाठीवर पायातून काढलेल्या पन्हईनं मारत होता आणि रडत होता, "बस करा, रे! बस करा! जहर नोयतं, रे!" गोठ्याचा एक कोपरा जळला. घर राहिलं.

पोलीस आले तेव्हा रंजीता पाळीवर होती. मासोळी चिरायच्या पातीनं ती फलकाच्या दोऱ्या कापत होती. हात चिकट झाले होते. फलक खाली पडला, त्यावरून तिनं पात चालवली, बरोबर रेघेवरून, वरपासून खालपर्यंत.

गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात दोघं एकाच वॉर्डात होते. दोन खाटांमधे एक रिकामी खाट, आणि दारात एक शिपाई, शालिकराम बरा झाला की त्याला घेऊन जायला. इसरूचा डावा डोळा गेला होता. सुगंधाबाई त्याच्या पायाशी बसून होती. रंजीतानं सगळं सांगितलं. चौकोन, तिसरी ओळ, वाळकं खोड. तिनं पोलिसांनाही तेच लिहून दिलं होतं. इसरू ऐकत होता, उरलेला डोळा छताकडं.

मग त्यानं मान वळवली. रंजीताकडं नाही, पलीकडच्या खाटेकडं.

"शालिकराम."

"हं."

"त्या राती बादल होतं ना?"

शालिकरामचा प्लास्टरमधला हात छातीवर होता.

"होतं."

"बादलात पाणी कोंडते, मासोळीले हवा भेटत नाई. मासोळी अशीच मरते. तुह्या बापाच्या येळेले मेली होती. आपून दोघानं खड्डा खणला होता."

"हो."

"म्हंजे तुले माईत होतं."

"माईत होतं," शालिकराम म्हणाला. "पण पह्यले माही मासोळी मेली होती. मंग फोटोत रेघ दिसली."

"रेघ पोरीनं ओढली," इसरू म्हणाला. "हात तुहा होता."

खिडकीबाहेर कावळे भांडत होते. इसरूनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. रंजीता उठली, माठातून पेला भरून आणला, त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं पेल्याकडं पाहिलं, तिच्या कपाळावरच्या टाक्यांकडं पाहिलं, आणि तोंड उघडलं नाही. ती धरून उभी राहिली. शेवटी सुगंधाबाईनं तिच्या हातातून पेला घेतला, तेच पाणी नवऱ्याला पाजलं, आणि रिकामा पेला परत तिच्या हातात दिला.